बाईंच्या वहीतली वाक्ये

बाईंच्या वहीतली वाक्ये मी काढून टाकली आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘संकलन’ या शब्दापुढे माझे एकट्याचे नाव छापले. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मला सारवासारव करता येणार नाही.

मी करमाडच्या शाळेत मराठी शिकवतो, मुकुंदवाडीहून रोज ये-जा करतो. बाई करमाडजवळच्याच एका वस्तीवरच्या शाळेत होत्या आणि त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होत्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या सरावासाठी सगळ्या शाळांना एक पुस्तिका द्यायची, असे आमच्या केंद्रप्रमुखांनी ठरवले आणि काम माझ्यावर सोपवले. बाईंकडे अशा शब्दजोड्यांची वही आहे, हे सगळ्यांना माहीत होते. मी मागितली, त्यांनी दिली.

जाड पुठ्ठ्याची, कडा काळवंडलेली वही. दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत, सुर-सूर. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य आणि त्या वाक्याखाली एका मुलाचे किंवा मुलीचे नाव. ‘लेणीतल्या मूर्तीला शिर नाय, हात हायेत.’ ‘राग आला की आज्याची शीर फुगते.’ ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन, आमच्या घरी खीर.’ ‘गोधडीला पक्कं सूत लागतं.’ काही नावे खोडून खाली दुसरी लिहिली होती.

“वाक्य ज्याचं त्याचं असतं, सर,” बाई म्हणाल्या होत्या. “सातवी सुटली की पोरगं आपलं वाक्य खालच्या वर्गातल्या कुणाला तरी देऊन जातं. सगळ्यांसमोर देतं. मग ते सांभाळायचं त्यानं. आन् शब्द उघडाच ठेवा बरं का. प्रत्यय लागला की शीरचं शिरेला होतं, मग जोडी कुठं राहिली?”

मी मान हलवली. मनात म्हणालो, आता या मला व्याकरण शिकवणार.

घरी बसून मी ती सगळी वाक्ये बाजूला काढली. ‘हायेत’, ‘नाय’ असे छापले तर लोक काय म्हणतील, अशी माझी सबब होती. खरे कारण वेगळे होते. वाक्ये ठेवली असती तर पुस्तिका बाईंची झाली असती. मी दोन रकाने पाडले. डावीकडे ऱ्हस्व, उजवीकडे दीर्घ. समोर अर्थ आणि माझी शुद्ध वाक्ये: ‘राजाच्या शिरावर मुकुट शोभतो.’ ‘शरीरातील शिरेतून रक्त वाहते.’ उस्मानपुऱ्यातल्या छपाईवाल्याकडून पुस्तिका करून घेतली. वही परत करताना बाईंना एक प्रत दिली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिले, पाने चाळली. “कागद चांगला आहे,” एवढेच म्हणाल्या.

माझ्या वर्गात पाठांतर जोरात सुरू झाले. एकदा एका मुलीने बोट ठेवून विचारले, “सर, हितं तर दोन्हीकडं शि पहिलीच हाय. मग दीर्घ कुठला?”

बाईंनी सांगितलेले तेव्हा मला आठवले. तरीही मी तिला म्हणालो, “छापलेलं वाच. जास्त शहाणपणा नको.” ती खाली बसली. त्या आठवड्यात तिने पुन्हा हात वर केला नाही.

पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी ठरवले की पुस्तिका तालुक्याला पाठवण्याआधी मुलांची परीक्षा घेऊन बघू. माझ्या शाळेची सहा मुले, बाईंच्या वस्तीवरची सहा. ती वहीवर तयार झालेली होती. एकदा पुस्तिका तालुकाभर गेली की सगळीकडे तीच चालणार आणि बाई निवृत्त झाल्यावर वही कपाटात पडणार, हे मला दिसत होते. तरी मी माझी सहा मुले निवडून दिली.

केंद्रप्रमुखांनी स्वतः नवी वाक्ये रचून आणली होती. माझ्या पुस्तिकेतले एक नाही, बाईंच्या वहीतले एक नाही. क्रमही उलटसुलट. एकेक वाक्य वाचायचे आणि मुलांनी त्यातला ठरलेला शब्द पाटीवर लिहायचा.

“इंजेक्शन द्यायला डॉक्टरला शीर सापडेना.”

माझी मुले एकमेकांकडे बघू लागली. आपल्या बोलण्यात ‘शि’ काय आणि ‘शी’ काय, कानाला फारसा फरक कळत नाही. एकाने हळूच विचारले, “सर, ह्यो डावीकडचा का उजवीकडचा?” मागे बसलेले शिक्षक हसले. कुणीतरी म्हणाले, “सरांनी मराठी नाय, कवायत शिकवली. बाएं मुड, दाएं मुड!”

वस्तीवरची मुले मात्र एका मुलीकडे वळली. तिने डोळे मिटून पुटपुटले, “राग आला की आज्याची शीर फुगते,” आणि मान डोलावली. “आज्याचीच हाय. दुसरी.” सहाही पाट्यांवर दीर्घ.

“स्वातंत्र्य दिन जवळ आला.” या वेळी मुले एका मुलाकडे वळली. “खीरवाला,” तो म्हणाला. “पहिली.” सहा पाट्यांवर ऱ्हस्व.

असे वाक्यामागून वाक्य चालले. प्रत्येक शब्दाला त्यांच्यात एक मालक होता आणि इतर जण त्याचे वाक्य आठवून, अर्थ जुळवून लिहीत होते. मधेच केंद्रप्रमुखांनी मुद्दाम चेहरा पाडून म्हटले, “नुसता आवाज ऐकून ऱ्हस्व की दीर्घ, ते मला नाही कळत बाबा.”

“कानाला नका इचारू, साहेब,” आज्यावाली म्हणाली. “वाक्याला इचारा.”

शेवटच्या शब्दापर्यंत वस्तीवरच्या मुलांची एकही वेलांटी, एकही उकार चुकला नाही. सगळी खोली टाळ्या वाजवत होती. बाई पदराने चष्मा पुसत होत्या. आणि मीही टाळ्या वाजवत होतो. हरल्याचे दुःख मला शोधूनही सापडेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पोरांना असे शब्दावर हक्क सांगताना पाहिलेच नव्हते. माझ्या सहा जणांतली ती बोट ठेवून विचारणारी मुलगीसुद्धा बाकावर उभी राहून टाळ्या पिटत होती.

केंद्रप्रमुख माझ्याकडे वळले. “सर, पुस्तिका थांबवू या. बाईंची वही आहे तशी छापा.”

“छापतो,” मी म्हणालो. पण नाव कुणाचे होते आणि काम कुणाचे, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नाही. सगळ्यांना वाटले, सरांची पद्धत चुकली. सरांनी वही नेऊन तिचे काय केले, ते बाईंशिवाय कुणाला माहीत नव्हते आणि बाई बोलल्या नाहीत.

नवी पुस्तिका तयार झाली. ‘हायेत’ तसेच, ‘नाय’ तसेच. प्रत्येक वाक्याखाली मुलाचे नाव आणि त्याच्याआधी ते कुणी सांभाळले त्याचेही. मुखपृष्ठावर बाईंचे नाव. बाईंच्या निवृत्तीच्या आठवड्यात मी गठ्ठा घेऊन वस्तीवर गेलो. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला, तिच्या वडिलांना विचारून, सोबत नेले होते.

मुलांनी गठ्ठ्यावर झडप घातली. “हे बघ माझं नाव!” “आन् हे माझ्या ताईचं!” बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“बाई, मला माफी मागायची आहे,” मी म्हणालो.

“माझी कशाला?” त्या म्हणाल्या. “मी फक्त लिहून घेतलं. वाक्यं यांची होती, सर.”

मग मी फळ्यापुढे जाऊन उभा राहिलो. मुले शांत झाली. माझ्या वर्गातली मुलगी शेवटच्या ओळीत बसली होती. मी आवाज मोठाच काढला.

“तुमच्या बाईंनी विश्वासानं दिलेली वही मी नेली. तुमची वाक्यं मला गावंढळ वाटली, म्हणून मी ती काढली. तुमची नावं काढली आणि माझं नाव लावलं. माझ्या वर्गातल्या मुलीनं माझी चूक बरोबर दाखवली, तर मी तिला गप्प बसवलं. चूक मला तेव्हाच कळली होती. बाई, पोरांनो, आणि तूसुद्धा बाळा, मला माफ करा.”