बँकेत राहिलेलं माहेरचं नाव

वडील फुलबाजारात झेंडू विकायचे. माझ्या लग्नाआधी त्यांनी पंचवटीतल्या बँकेत माझं खातं उघडून दिलं. जगात माझं म्हणावं असं तेवढंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, मग रेशनकार्डावर, मतदार ओळखपत्रावरही. बँकेला सांगायचं मात्र मला कधी सुचलंच नाही. पैसे काढायला गेले की जुनीच सही ठोकायची. नवरा चिडवायचा, "बँकेत तू अजून कुमारीच आहेस!"

दोन हजारच्या दशकात बँकेचं पत्र माहेरच्या पत्त्यावर आलं. भावानं आणून दिलं. नवा फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्या, नाहीतर खात्यातले व्यवहार थांबवू. घाईघाईनं गेले. काउंटरवरच्या मुलीनं माझं मतदार ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. "ताई, खात्यावर नाव वेगळंच आहे. ही तुम्ही नाही."

"मी नाही तर कोण, माझं भूत?" मी भडकलेच. "आयुष्यभर इथंच येतेय, आता चोर ठरले का?"

बँकेच्या मॅनेजर साहेबांनी आत बोलावून पाणी दिलं. म्हणाले, "चोर नाही हो. माणूस पत्ता बदलतो, नाव बदलतो, कधी मरतो, आणि खातं दुसराच कुणी चालवत बसतो. म्हणून ठरावीक वर्षांनी सगळ्यांनाच विचारावं लागतं. उद्या तुमचं कार्ड घेऊन कुणी दुसरी आली तर?"

म्हणजे ही खबरदारी माझ्यासाठीच होती की! पण खातं हातचं जाऊ नये म्हणून काय करू, ते मी विचारलं. त्यांनी उपाय सांगितला: लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद.

दाखल्यासाठी, राजपत्रासाठी खेटे घालून चपला झिजल्या. शेवटी ते छापील पान हातात आलं तेव्हा मी बघतच राहिले. माझी दोन्ही नावं, शेजारी शेजारी, सरकारच्या कागदावर! लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं, जुन्या नावाचं काय करू. इथं सरकारनं ते मोडीत न काढता जपून छापलं होतं.

कागद घेऊन पुन्हा बँकेत गेले. साहेबांनी अस्सल कागद तपासले, झेरॉक्सवर शिक्का मारला, फोटो माझ्या तोंडाशी ताडून पाहिला. मग बँकेत ठेवलेलं माझ्या सहीचं पहिलं कार्ड काढलं. "आधी जुनी सही करा, ओळख पटवायला. मग खाली नवी. यापुढं नवीच चालेल."

मी जुनी सही केली. साहेब म्हणाले, "तंतोतंत!"

खातं वाचलं होतं. पण पेन खाली नवीकडं जाईना. भाऊ नुसतं ताई म्हणायचा; वडील गेल्यापासून त्या जुन्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बँकच तेवढी हाक मारायची.

"साहेब," मी म्हणाले, "एकदा मोठ्यानं ते नाव घ्याल का?"

त्यांनी घेतलं. मी "हो" म्हणाले आणि नवी सही केली.