लोहाची गोळी आणि कोरा चहा

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ. सूर्यमाळच्या पाड्यावर बाकीच्या घरी कोंबडी, मासे शिजत, आमच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि उडदाचं पिठलं. त्यावरच मी जव्हारच्या कॉलेजात लांब पल्ल्याची धावपटू झाले. घरातली पहिली पदवीधरही मीच.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची होती. ती शेवटचीच संधी. कॉलेजचे खेळाचे सर आठवड्याला शंभर किलोमीटर पळवत, आणि मी महिन्यागणिक मंदावत होते. चढावर धाप लागायची.

"काय गं, पाय घरी विसरून आलीस का?" सर ओरडत.

तेच मला रक्त तपासायला घेऊन गेले. हिमोग्लोबिन कमी, शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा, बी-१२सुद्धा कमी. डॉक्टरीणबाईंनी बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी बी-१२ वाढलं, लोह मात्र तिथंच. निवड चाचणी चार महिन्यांवर आली होती.

"गोळी खरंच घेतेस ना?"

"रोज घेते, मॅडम. आई स्वतः देते."

"कशाबरोबर?"

"कोऱ्या चहाबरोबर. जेवण झालं की."

बाईंनी कपाळाला हात लावला. चहामुळे लोह अंगी लागत नाही; नागलीतलं लोहही चहानं अडतं.

पुढच्या खेपेला आईला घेऊन गेले. ती ओशाळून म्हणाली, "कडू लागते ना गोळी, म्हणून मीच दिला, बाई. आमच्याकडं जेवल्यावर चहा लागतोच."

"चुकलं नाही हो, सांगायचं आमचंच राहिलं," बाई म्हणाल्या.

"आणि बी-१२ ला मी आंबील देईन. आंबीलात सगळं असतं."

"आंबील चांगली, मावशी. पण त्यात बी-१२ नाही. इंजेक्शनं संपली की त्याची गोळी हिला कायमची."

मग कागदावर बेत ठरला. लोहाची गोळी एक दिवसाआड, सकाळी पळण्याआधी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा तिच्यापासून आणि जेवणापासून दोन तास लांब. माझं वजन पंचेचाळीस किलो, तर प्रथिनं दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास, तीही एकदम नाही, चार वेळा वाटून: मोड आलेले कुळीथ, सोयाबीन, शेंगदाणे, डाळ, पळून आल्यावर दूध.

आई वाचू शकत नव्हती. तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या: गोळीच्या दिवसाला उभी, सुट्टीच्या दिवसाला आडवी. रोज कुळीथ भिजत घालायची. जेवल्यावर माझा हात सवयीनं किटलीकडे गेला की म्हणायची, "थांब, अजून वेळ नाही झाली." आणि मला दिसू नये म्हणून स्वतः पडवीत बसून चहा प्यायची.

तीन महिन्यांनी साठा वाढला. चाचणीत मी सहावी आले. संघात सहाच जणी घ्यायच्या होत्या. परतताना मोखाड्याला जीपमधून उतरले तर आई बाजाराच्या तोंडाशी उभी. तिनं निकाल विचारलाच नाही. माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून आतला रंग पाहिला, बाईंनी दाखवला होता तसा, आणि म्हणाली, "लाल हायत."

मग म्हणाली, "आता सांग."