टोमॅटोवर पगार

रुपयाची किंमत राखणं हे राष्ट्राचं पवित्र कर्तव्य आहे, असं मध्यवर्ती बँकेतले माझे वरिष्ठ म्हणत, आणि म्हणताना खुर्चीत थोडे ताठ होत. त्या कर्तव्यापोटी आम्ही दोघं मुंबईहून कोल्हापुरात आलो आणि टोमॅटोचा भाव विचारत हिंडू लागलो.

अवकाळी पावसानं पीक झोपलं होतं आणि भाजी भडकली होती. व्याजदर ठरवणाऱ्या समितीला आमच्या विभागाचं टिपण जायचं होतं. साहेबांचा कल दरवाढीकडे होता. माझं म्हणणं साधं होतं. व्याज वाढवून टोमॅटो लवकर पिकत नाही. दरवाढीचा परिणाम जाणवायला कित्येक महिने लागतात, तोवर नवं पीक बाजारात येतं आणि मार बसतो तो भलत्याच माणसाला.

"पण महागाई आता कायमचीच, असं लोकांनी धरलं तर?" साहेब म्हणाले. "मग पगार वाढतात, पगारामागून सगळेच भाव. तेव्हा गप्प बसणं गुन्हा ठरेल."

यात ते चुकत नव्हते. म्हणून आग भाजीच्या टोपलीबाहेर पडलीय का, ते बघायचं होतं. राजारामपुरीतल्या खानावळीत ताटाचा दर तोच होता. आमटीत टोमॅटोऐवजी चिंच आली होती. साहेबांनी दोनदा वाढून घेतली आणि निरीक्षण नोंदवलं.

तिथून शिरोलीच्या एका फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात गेलो. मालकीणबाईंना नवी भट्टी घ्यायची होती. कर्ज मंजूर होतं, पण आमच्या बँकेचा दर हलला की त्यांचा हप्ता हलणार होता.

"तुमचं एकदा ठरू दे," त्या म्हणाल्या. "दर वाढला तर भट्टी न्हाय, आन् नवी मानसंबी न्हाईत."

पगाराचा करार तेव्हा नुकताच झाला होता. साहेबांनी कामगारांच्या पुढाऱ्याला विचारलं, "भाजी महागली म्हणून जास्त मागितलंत का?"

तो हसला. "पावणं, टमाट्यावर पगार मागितला आन् दोन म्हैन्यांनी टमाटं पडलं, तर ह्या वाढ माघारी मागतील की!"

"माझ्या डोक्यात न्हवतं," मालकीणबाई म्हणाल्या. "आता आलंय बगा."

एका फौंड्रीवरून देश ओळखू नये, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण इतर शहरांतून आलेली टिपणंही तेच सांगत होती. भाव भाजीचेच वाढले होते. पगार, भाडी, खानावळींचे दर जागच्या जागी होते. साहेबांनी मसुद्यातली दरवाढ खोडली आणि लिहिलं: तूर्त थांबावं, पगार आणि इतर भाव हलू लागले, तर मात्र थांबू नये. खोडताना त्यांना जड गेलं असावं. पेन त्यांनी बराच वेळ हातात धरलं होतं.

समितीनं दर होता तिथेच ठेवला. त्याच आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला, भट्टीची ऑर्डर दिली म्हणून.

समितीचं निवेदन पुष्कळ लांब होतं. त्यात काही न करण्याचा निर्णय होता.