एन दहाच्या खाली एन शंभर

कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमधली केबिन म्हणजे काचेची पेटीच. आत एक कॉम्प्युटर, एक स्टूल, एक मी, आणि दार उघडलं की नाकात शिरणारा कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास. बाहेर सीएनसी मशीन. बिडाच्या ओतीव कास्टिंगला कुठं भोक पाडायचं, किती खोल, हे त्या मशीनला सांगणारा प्रोग्राम मी तयार करायची. ऐकायला मोठं वाटतं, पण प्रोग्राम म्हणजे ओळीखाली ओळ, बस्स. मात्र क्रम चुकला की टूल थेट जॉबमध्ये, म्हणजे त्या कास्टिंगमध्येच, घुसणार आणि मालकांचा आवाज पार फाटकापर्यंत जाणार.

मालकांचा एक हट्ट होता. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नंबर पाहिजेच. एन दहा, एन वीस, एन तीस. मशीनला त्याची काही गरज नव्हती, पण मशीन अडलं की ऑपरेटर तिथूनच ओरडायचा, "एन दोनशे चाळीसला थांबलंय गं!" आणि मला केबिनमध्ये बसून ओळ सापडायची. तरी ते नंबर घालताना मी रोज मालकांच्या नावानं बोटं मोडायची.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या मामांचे गुडघे गेले. मामा म्हणजे शॉपचे सेटर. जॉब बांधायचा, टूल लावायचं, पहिला नग पास करून द्यायचा, हे सगळं त्यांचं काम. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे मामाच म्हणायचे. आता त्यांना मशीनपुढं उभं राहणंच होईना. मालकांनी सरळ सांगून टाकलं, "मामा, दिवाळीपतोर कॉम्प्युटर शिकलासा तर केबिनमधी बसा. न्हाय जमलं तर घरात आराम करा."

मामा माझ्याकडं आले आणि दारातच म्हणाले, "आराम करा म्हणं! घरात भित्ती बघत बसू व्हय? शिकीव बाई मला."

मला राग आला होता, मामांचा नव्हे, मालकांचा. इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर शॉप चाललं त्यांची परीक्षा घेता? मी म्हटलं, "मामा, शिकवते की. बसा."

प्रोग्राम लिहायला मी व्हिम नावाचा एडिटर वापरायची. त्यात माऊसला हात लावावा लागत नाही, हे मामांना फार आवडलं. "त्यो उंदीर माझ्या हातात ऱ्हात न्हाय," असं ते म्हणायचे. एका बोटानं, मशीनचं बटण दाबावं तशी ते कळ दाबायचे. वाय दोनदा दाबून पी दाबलं की ओळीची दुसरी प्रत खाली तयार. डी दोनदा दाबलं की ओळ उचलली, पाहिजे तिथं जाऊन पी दाबलं की ठेवली. पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून प्रोग्राम यायचे ते बारक्या एबीसीडीत आणि मधेच तुटलेल्या ओळींचे. आमचं जुनं मशीन फक्त मोठी अक्षरं मानायचं. पूर्वी मी ते सगळं पुन्हा टाइप करायची. नंतर कळलं, सगळ्या ओळी निवडून मोठा यू दाबला की झालं काम. तुटलेल्या ओळीवर मोठा जे दाबला की खालचा तुकडा वर येऊन चिकटायचा. मामा पहिल्यांदा ते बघून म्हणाले, "आयला! वेल्डिंगच की हे!"

एकदा त्यांना टूलची यादी लावून दाखवली. टी झिरो सात, टी झिरो दोन, टी बारा, सगळी उलटीपालटी. सॉर्ट असा हुकूम दिला आणि यादी ओळीनं उभी राहिली. मामा खूश. नाद खुळा म्हणत बाहेर जाऊन सगळ्यांना सांगून आले.

मग दिवाळीच्या तोंडावर परीक्षेचा दिवस आला. मामांनी एक प्रोग्राम एकट्यानं तयार करायचा आणि मालकांसमोर मशीनला पाठवायचा. सकाळभर ते केबिनमध्ये होते. मी मुद्दाम बाहेर थांबले. जेवणानंतर मालक आले, मीही आत गेले आणि पडद्यावर वाचू लागले.

एन दहा. त्याच्या खाली एन शंभर. त्याच्या खाली एन एकशेदहा. एन वीसचा पत्ताच नाही.

काय झालं ते मला तिथंच कळलं. मामांना मधे काही ओळी घालायच्या होत्या, त्या त्यांनी मधले नंबर देऊन शेवटाला लिहून ठेवल्या आणि म्हटलं, लावून टाकू सॉर्टनं, टूलसारखं. पण टूलचे आकडे झिरो लावून सारख्या लांबीचे होते. इथं साधा सॉर्ट आकडा आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर अक्षर बघतो. मग एन वीसच्या आधी एन शंभर येणारच. मागं जाण्याची कळ होती, पण मामांनी फाइल दोनदा सेव्ह करून, बंद करून पुन्हा उघडली होती. एडिटर आपणहून ठेवतो ती जुनी प्रतसुद्धा गेली.

"मामा, ह्ये काय हाय?" मालकांचा आवाज.

मामांचा चेहरा उतरला. "सकाळी बरोबर व्हतं ओ मालक," एवढंच म्हणाले. माझा हात आपोआप कळफलकाकडं गेला.

"तू हात लावायचा न्हाय," मालक माझ्यावर खेकसले. "त्यांचं त्यांना करू दे."

मी पण खेकसले, "हात नाही लावत. तोंड तरी उघडू का नको?"

मालकांनी हातानंच 'बोल' म्हणून खूण केली. मी म्हटलं, "मामा, तोच हुकूम. फक्त सॉर्टच्या पुढं जागा सोडून एन दाबा. म्हणजे ते आकडा बघून लावतंय."

एकेक अक्षर उमटलं. एंटर. आणि ओळी धाडकन जाग्यावर. एन दहा, एन वीस, एन तीस, पार खालपर्यंत. ज्या नंबरांना मी रोज शिव्या घातल्या, त्यांनीच वाट दाखवली.

पण अजून गोची होती. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह लागतं. ती दोन्ही चिन्हं वरच येऊन बसली होती, आणि ओ एक हजार एक हे प्रोग्रामचं नाव तळाला गेलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर मामाच पुटपुटले, "ह्ये एक खाली पायजे." डी डी. मग मोठा जी, शेवटाला. पी. मग एक ओळ वर, नावावर. "आन् तू वर ये बाबा." डी डी, जी जी, पी. मला एक शब्द बोलावा लागला नाही. मी नुसती बघत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू?

मालकांनी पडदा वरून खाली वाचला. पडद्यावरचाच प्रोग्राम थेट मशीनला पाठवला, आधी टूल जॉबच्या वर ठेवून नुसताच फिरवून बघितला, मग खरा चालवला. पहिला नग निघाला, ऑपरेटरनं तो केबिनमध्ये आणला. मामांनी भोकात मापाचं गेज घालून बघितलं, मालकांनीही बघितलं. मालक दारातून शॉपकडं वळले आणि ओरडले, "आरं, हे स्टूल न्या हितनं! माझ्या हापिसातली पाठीची खुर्ची आणा मामांस्नी!"

दोघं जण खुर्ची घेऊन आले. स्टूल ओढायला लागले तर मामा काही उठेनात.

"मामा, उठा की," मी म्हटलं.

"थांब गं," पडद्यावरची नजर न हलवता मामा म्हणाले, "आदी सेव्ह करू दे."