पंचेचाळीस किलोचे स्वयंसेवक

"रक्तदान शिबिरासाठी स्वयंसेवक हवेत. पाळ्या: नऊ ते बारा, बारा ते तीन. वय अठरा पूर्ण, वजन किमान पंचेचाळीस किलो." कॉलेजच्या ग्रुपवर ही पोस्ट मी टाकली. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच मी, लिहिण्याचा तोरा होताच. दोन दिवसांत दोनच नावं आली, दोन्ही तालमीतल्या पोरांची. माणसं मिळाली नाहीत तर शिबिर रद्द, असं सरांनी बजावलं.

मग राजूरकडची एक मुलगी म्हणाली, "दादा, मी चाळीस किलोची हाय. नावं लिहायला अन् चहा-बिस्किटं वाटायला बी पंचेचाळीस लागतं व्हय?"

रक्तदात्यांची अट मी स्वयंसेवकांना लावली होती! पोस्ट तिच्यासमोरच दुरुस्त केली. तिसरं नाव तिचं आलं आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पाळ्या भरल्या.