अक्षरे दिसत नसल्यास

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते अक्कांचे. धरणगावच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं, कॉलेजचा फॉर्म भरायला लावला, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले. निवृत्तीनंतर त्या धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. निबंध कसा लिहावा यावरची अक्कांची टिपणं मी वर्डमध्ये टाइप केली आणि त्यांचं वेबपेज केलं. मशीनवर आपला फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, हे मला माहीत होतं. म्हणून सर्वांत वर सूचना घातली : ‘ही अक्षरे दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्या.’ सूचनाही त्याच फॉन्टमध्ये!

धुळ्यात एका शेठजींनी कापडदुकानामागे इंटरनेट सुरू केलं होतं. आपलं पान दाखवायला अक्का गल्लीतल्या बायकांना घेऊन तिथे गेल्या. संध्याकाळी क्लासवर त्यांचा फोन आला.

“अक्का, सर्वांत वरची ओळ वाचली का?”

“वरची काय नि खालची काय, बठ्ठं सारखंच दिसस रे!” अक्का रागावल्या की अहिराणीत बोलत. “आणि या बाया म्हणतात, अक्काले इंग्रजी बी येस!”

कौतुक तेवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका विम्याची, बँकेची इंग्रजी पत्रं घेऊन दारात. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. ‘येत नाही’ म्हटलं तर वेबपेज खोटं ठरणार, आणि येतं म्हणावं तर पत्र वाचावं लागणार. चष्मा सापडत नाही, असं किती दिवस सांगणार?

मी फ्लॉपीवर फॉन्ट आणि वर्डची फाइल घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. शेठजी म्हणाले, “भाऊ, मशीनमध्ये व्हायरस नका सोडू.” त्यांची समजूत घालून फॉन्ट बसवला. मजकूर मराठीत उमटला; मथळे मात्र तसेच. ते मी दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये केले होते, आणि तो जळगावलाच राहिला होता. वर्डची फाइल उघडून मथळ्यांना मजकुराचा फॉन्ट दिला, तर ‘प्रस्तावना’च्या जागी वेलांट्या आणि अर्धवट अक्षरं. प्रत्येक कंपनीचा ‘क’ वेगळ्या जागी बसलेला. शेवटी मथळे नव्याने टाइप केले आणि पान पुन्हा तयार केलं.

बायकांनी पडद्यावर शुद्ध मराठी पाहिलं. एक म्हणाली, “पहिलं चांगलं होतं.”

घरी आल्यावर अक्कांनी उशीखाली ठेवलेली बायकांची पत्रं काढून माझ्या पिशवीत कोंबली.

जळगावहून मी लिहिलं :

‘ती. अक्का, सा. नमस्कार.

वरची सूचना आता चित्र करून लावली आहे. फॉन्ट नसला तरी दिसेल. शेजारच्या काकूंच्या बँकेच्या पत्राचा अर्थ मराठीत लिहून सोबत जोडला आहे. वाचून घ्या आणि चष्मा लावून त्यांना सांगा. आणखी पत्रं आली तर ठेवून घ्या, मी दर रविवारी येईन.’