काचेवरची माळ

दसऱ्याच्या सकाळी नायगावच्या चाळीखाली शांताबाईंनी मुलाच्या नव्या टॅक्सीच्या काचेवर झेंडूची जाड माळ आडवी बांधली आणि त्या नारळ आणायला वर गेल्या. परतल्या तर माळ गायब! सून रुपाली बॉनेटवर वाकलेली. हिला पूजेचं वावडंच आहे, हा संशय त्यांच्या मनात लग्नापासून होता.

“माळ कुठं टाकलीस गं?”

“टाकली नाही, आई. खाली बॉनेटवर बांधतेय. आरशांच्या रिबिनीही सोडल्यात. ह्यांना रस्ता दिसायला नको?”

“मला शिकवू नकोस!” म्हणत शांताबाई स्वतःच स्टिअरिंगमागे बसल्या. रुपालीनं माळ पुन्हा काचेवर धरली, तसा समोर उभा असलेला हितेंद्र, त्यांचा मुलगा, फुलांआड नाहीसा झाला.

“काढ ती,” त्या म्हणाल्या. उतरल्यावर बॉनेटवरची गाठ मात्र त्यांनी स्वतः ओढून पाहिली.